कमानीच्या प्रायोजकत्वाबद्दल मंडळाला पत्र

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

गिरगाव, मुंबई
आषाढी एकादशी, २५ जुलै २०२६

चि. मंगेश, चि. प्रथमेश आणि मंडळाचे सर्व कार्यकर्ते यांस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी संध्याकाळी तुम्ही सहाजण दुकानात आलात, मुख्य कमानीचं डिझाइन मोबाइलवर दाखवलंत आणि ७५,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाचं पत्र काउंटरवर ठेवलंत. दुकानात गर्दी होती. एका आजोबांच्या पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स चालू होत्या. त्या गडबडीत मी "बघू, सांगते" एवढंच म्हणाले. तसं म्हणायला नको होतं. माझ्या मनात तो नकार होता, तुमच्या कानांना तो होकार वाटला, आणि त्यात तुमची चूक नाही. काल दुधाच्या रांगेत कळलं की कमानीच्या नमुन्यावर आमच्या दुकानाचं नाव टाकूनही झालंय. म्हणून आज उपास सोडायच्या आत हे लिहायला बसले.

यंदा कमानीचं प्रायोजकत्व मला घेता येणार नाही. पूर्ण नाही, अर्धं नाही, आणि दिवाळीनंतर द्यायच्या बोलीवरही नाही. फ्लेक्स छपाईला जायच्या आधी आमचं नाव तेवढं काढून टाका. उद्याच्या सभेत हे पत्र सगळ्यांसमोर वाचा, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकायला नको आणि अंदाजपत्रकात माझे ७५,००० धरले जायला नकोत.

आता कारण. "धंदा नाही हो" असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही रोज दुकानासमोरून जाता, तुम्हाला खोटं काय सांगू? धंदा आहे. प्रथमेश म्हणाला, मेट्रो सुरू झाल्यापासून गिऱ्हाईक वाढलं असेल. गेल्या ऑक्टोबरात गिरगावचं स्टेशन उघडलं, तेव्हापासून येणाजाणारा माणूस वाढला हे खरंच. पण तो एक पेन घेतो, आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स काढतो आणि गाडी पकडायला पळतो. आमची वर्षाची कमाई होते ती जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, वह्या-पुस्तकांच्या दिवसांत. तो माल एप्रिल-मेमध्ये उधारीवर उचललेला असतो आणि त्याचे पैसे ऑगस्टअखेर चुकवायचे असतात. म्हणजे आत्ता गल्ल्यात जे दिसतंय ते माझं नाही, घाऊक व्यापाऱ्याचं आहे. त्यात मार्चमध्ये रंगीत झेरॉक्सचं मशीन घेतलं, त्याचा ११,४०० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. ७५,००० म्हणजे माझे साडेसहा हप्ते. एवढी रक्कम काढायची तर ती मालाच्या पैशातूनच काढावी लागेल, आणि एकदा पेमेंट लांबलं की पुढच्या वर्षी उधारी मिळत नाही. हे गणित मी दोनदा मांडून पाहिलं. जमत नाही.

दुसरं कारण पैशाचं नाही, आणि तेही सांगते. आपल्या रस्त्यावर हाकेच्या अंतरावर चार मंडळं आहेत. चारही ठिकाणची मुलं माझ्याकडे पेन्सिली घेऊन मोठी झाली. यांनी दुकान सुरू केलं तेव्हापासून एक नियम ठेवला होता: चारही गणपतींना सारखीच वर्गणी, एक रुपया इकडे-तिकडे नाही. एका वाडीच्या कमानीवर आमचं नाव मोठं लागलं की बाकीच्या तीन वाड्यांत मी काय तोंड दाखवू? तुमच्यापैकी कुणी माझ्या जागी असतं तर त्यानेही हाच विचार केला असता. यांच्या माघारी तो नियम मला मोडवत नाही.

मंगेश, हे लिहिताना हात जड झालाय. फेब्रुवारी २०१९ ची ती रात्र मी विसरलेले नाही. यांच्या छातीत कळ आली, लिफ्ट नाही, जिना अरुंद, स्ट्रेचर वळत नव्हतं. तू आणि तुझा भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत यांना बसवून तीन मजले खाली घेऊन गेलात. खुर्चीचा एक पाय दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर घासला, त्याचा पांढरा ओरखडा अजून तिथे आहे, जाता-येता माझा हात त्यावर पडतो. त्यानंतर यांना दीड वर्ष मिळालं. २०२० साली चार फुटांच्या आतली मूर्ती आणून साधेपणाने उत्सव केलात, मंडपाचे वाचलेले पैसे घरोघरी धान्य पोचवायला वापरलेत, तेव्हा पहिल्या पिशव्या भरायला मी बसले होते. माझं मंडळाशी नातं पावतीपुस्तकाचं नाही. म्हणूनच नकार चिठ्ठी पाठवून किंवा मुलाच्या तोंडून न कळवता स्वतः लिहितेय.

खर्च किती वाढलाय याचीही मला कल्पना आहे. मूर्ती, मंडप, रोषणाई, जनरेटर, विमा, विसर्जनाची ट्रॉली. खांबांसाठी रस्ता खणला तर खड्डे बुजवून द्यायचे, नाहीतर महापालिकेचा दंड. गेल्या वर्षी सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं याचा आनंद सगळ्यांना झाला, पण वाडीतल्या मंडपाची दोरी शेवटी तुम्हीच बांधता. तेव्हा हात झटकून बाजूला होण्याचा माझा विचार नाही. मला जे झेपतं ते खाली लिहितेय, आणि जेवढं लिहितेय तेवढं नक्की करणार.

वर्गणी गेल्या वर्षी २,५०१ होती, यंदा ३,००१ देईन. चारही मंडळांना तेवढीच. पावती फाडायला पहिल्या दिवशी या, पैसे यूपीआयने देईन, म्हणजे खजिनदाराच्या हिशेबात नोंद सरळ राहील.

आरतीच्या पुस्तिका दुकानातून छापून देते. मागच्या वर्षीच्या प्रतींत "लवथवती विक्राळा"चं तिसरं कडवं गळलं होतं आणि मंत्रपुष्पांजलीत दोन ओळी वर-खाली झाल्या होत्या, सगळे अडखळत होते. मजकूर मी स्वतः तपासून घेईन. अक्षर मोठं ठेवू, म्हाताऱ्या माणसांना मंडपातल्या दिव्यांत वाचता आलं पाहिजे. ३०० प्रती, बारा पानं, मधे पिन. कागद आणि छपाई माझी. मागच्या पानावर जाहिरात नको, तिथे विसर्जनाच्या मिरवणुकीची वेळ, मार्ग आणि कार्यकर्त्यांचे नंबर टाका, त्याचा लोकांना उपयोग होतो.

मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं सामानही माझ्याकडे लागलं. गेल्या वर्षी मी खिडकीतून बघत होते. साठ-पासष्ट मुलं सतरंजीवर बसली होती आणि कागद कमी पडले म्हणून धाकट्या मुलांना पाठकोरे कागद दिले. माझ्या दुकानासमोर असं व्हावं याचं मला फार वाईट वाटलं, कारण तुम्ही दोन पावलं येऊन मागितले असते तर मी दिले असते. यंदा ८० ड्रॉइंग पेपर, ८० मेणखडूच्या पेट्या आणि तीन गटांची बक्षिसं मी देते. बक्षीस मंडळाच्या नावाने द्या, दुकानाचं नाव पुकारायची गरज नाही. बाकीच्या तीन मंडळांनी स्पर्धा ठेवल्या तर त्यांनाही हेच देणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कानावर आलं तर गैरसमज नको.

उत्सवाच्या दिवसांत मंडळाचं झेरॉक्स, परवानगीच्या अर्जांच्या प्रती, नोटिसा, सगळं फुकट. फक्त येणाऱ्याने तुमच्या सहीची चिठ्ठी आणावी.

कमानीबद्दल एक सुचवते. निर्णय कार्यकारिणीचा, पटलं नाही तर सोडून द्या. एका दुकानावर ७५,००० टाकण्याऐवजी पंधराजणांकडून ५,००० मागितले तर? पिठाची गिरणी, इस्त्रीवाले, दोन्ही मेडिकल, फरसाणवाले, चष्म्याचं दुकान, क्लासवाले सर. यांच्यापैकी कुणालाच मोठी रक्कम परवडत नाही म्हणून त्यांना कुणी कमानीसाठी विचारतच नाही. सगळ्यांची नावं सारख्या अक्षरात, बाराखडीच्या क्रमाने लावा. वाडीच्या तोंडाशी वाडीतल्याच दुकानदारांची नावं दिसली तर त्यांना किती बरं वाटेल! १८९३ साली इथेच, केशवजी नाईक चाळीत, उत्सव सुरू झाला तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र येऊनच. मला विचाराल तर गिरगावच्या गणपतीला ते जास्त शोभतं. येत्या गुरुवारी दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, त्या वेळात तुमच्याबरोबर दहा दुकानं फिरायला मी तयार आहे. बाईमाणूस बरोबर असलं की लोक निदान बसायला सांगतात आणि पूर्ण ऐकून घेतात.

आणखी एक. गेल्या वर्षी सहाव्या दिवसाच्या संध्याकाळच्या आरतीचा मान मला दिला होतात. यंदा जो कुणी मोठी रक्कम देईल त्याला तो मान द्यावा लागेल, हे मी समजू शकते. संकोच करू नका, मला राग येणार नाही. मी नेहमीसारखी मागे, पाण्याच्या पिंपापाशी उभी राहून टाळ वाजवीन.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. गेल्या वर्षी २७ ऑगस्टलाच बसले होते, त्या मानाने तुमच्या हातात अडीच आठवडे जास्त आहेत. दुसरा प्रायोजक शोधायला किंवा पंधराजण जमवायला वेळ पुरेल, म्हणूनच उशीर न करता लगेच कळवलं.

प्रायोजकत्वाचं तुमचं पत्र या पाकिटात परत ठेवलंय, कारण त्यावर मंडळाचा शिक्का आहे आणि ते दुसऱ्याला देता येईल. सभा झाली की कुणाला तरी पाठवून आरतीच्या पुस्तिकेचा जुना नमुना माझ्याकडे पोचवा. सोमवारी दुपारी बसून मी तो दुरुस्त करते आणि मंगळवारी एक प्रत तुमच्याकडे देते. ती सगळ्यांनी वाचली की मग ३०० काढू.

तुमची,
सुनंदाकाकू
वाडीच्या तोंडावरचं वह्या-पुस्तकांचं दुकान

ता. क. प्रथमेश, तुझ्या बहिणीचे बारावीच्या प्रोजेक्टचे स्पायरल बाइंडिंग तयार आहे. उद्या सभेला जाताना घेऊन जा.