विषय: गौरवची कॉलेजमधली हजेरी (द्वितीय वर्ष बी.एस्सी., रसायनशास्त्र)

दिनांक: 11 ऑक्टोबर 2025

आदरणीय सुभाषभाऊ आणि वैशालीताई,
सप्रेम नमस्कार.

मी गौरवची वर्गशिक्षिका, प्रा. वंदना पाटील. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आपली ऑफिसबाहेर भेट झाली होती. गौरवची हजेरी गेल्या दीड महिन्यात बरीच घसरली आहे, म्हणून हा मेल लिहिते आहे. तुम्हाला कळवणार असल्याचं काल त्याला सांगितलं होतं, तेव्हा त्याच्या पाठीमागे काही चाललंय असं कृपया समजू नका.

आधी आकडे सांगते. रसायनशास्त्राच्या तासांना तो जुलैत 24 पैकी 22 आणि ऑगस्टमध्ये 22 पैकी 19 वेळा हजर होता. सप्टेंबरमध्ये मात्र 23 पैकी 11 वेळाच आला आणि ऑक्टोबरमध्ये कालपर्यंत 9 पैकी फक्त 2 वेळा. एकूण 78 पैकी 54, म्हणजे सुमारे 69 टक्के. परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के लागतात. सत्राचे 26 तास अजून बाकी आहेत. त्यातल्या 24 तासांना तो आला तर बरोबर 75 टक्के होतात. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, पण यापुढे दोनपेक्षा जास्त तास बुडून चालणार नाही.

प्रॅक्टिकल 14 पैकी 9 झाली आहेत. 22 सप्टेंबरच्या अंतर्गत चाचणीलाही तो नव्हता.

मला जास्त काळजी प्रॅक्टिकलची वाटते, कारण तिथेच हा मुलगा सगळ्यात चांगला आहे. जुलैत आम्ही टायट्रेशन घेत होतो. बाकीची मुलं घाईने ब्युरेट सोडून फ्लास्क गडद गुलाबी करून बसायची. हा शेवटचे थेंब एकेक करून सोडायचा, फ्लास्कखाली पांढरा कागद धरायचा आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचा. शेजारच्या टेबलावरची मुलं रीडिंग बरोबर आलं का म्हणून त्याला विचारायला यायची. त्याच मुलाचं जर्नल काल पाहिलं. पाचव्या प्रयोगानंतर पानं कोरी आहेत. पहिल्या पाच प्रयोगांचं अक्षर इतकं नेटकं की ती कोरी पानं पाहून जीव हळहळला.

कारण विचारलं तर "घरचं काम होतं मॅडम," एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. मी जास्त खोदलं नाही. वर्गात त्याचं वागणं चांगलं आहे, कुणाशी भांडण नाही, कसली तक्रार नाही. आला त्या दिवशी दोनदा पहिला तास अर्धा झाल्यावर पोचला, पारोळ्याहून येणारी एसटी उशिरा लागली म्हणाला. खरं कारण काय, ते तुम्हालाच जास्त ठाऊक असणार. कापसाची वेचणी सुरू आहे, मजूर वेळेवर मिळत नाहीत. मी स्वतः कापसाच्या घरातली आहे, त्यामुळे या दिवसांत घरातला एकेक हात किती लागतो ते मला माहीत आहे. घरी कुणाचं आजारपण असेल, पैशाची ओढाताण असेल, किंवा त्याच्याच मनात काही असेल, तरी मोकळेपणाने सांगा. आपलं बोलणं माझ्यापाशीच राहील.

इकडून जे करता येण्यासारखं आहे ते मी ठरवून ठेवलंय. 13 आणि 14 ऑक्टोबरला दुपारी 2 नंतर लॅब उघडी राहील, त्यात त्याची बुडालेली दोन प्रॅक्टिकल होतील. उरलेली तीन दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या बॅचबरोबर करू. फेरचाचणी 16 तारखेला सकाळी 11 वाजता आहे, तिला त्याने चुकवू नये. तो आजारी असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवा, मी ते ऑफिसात जमा करते. खर्चाची अडचण असेल तर 'कमवा आणि शिका' योजनेत त्याचं नाव देता येईल का, ते पाहते. शेतीच्या कामाला तो लागतच असेल तर रविवार आणि दुपारनंतरचा वेळ त्यासाठी ठेवता येईल का, एवढा विचार घरात करावा. सकाळचे तास मात्र त्याला मिळू द्या.

एक विनंती आहे. हा मेल वाचून त्याला रागावू नका. काल बोलताना त्याचा चेहरा पार उतरला होता. जेवण झाल्यावर शांतपणे बसून विचारलंत तर तो सांगेल असं वाटतं.

बुधवारी, 15 तारखेला, दुपारी 1 ते 4 मी विभागात आहे. दोघांपैकी कुणीही या, गौरवलाही बरोबर बसवू. धुळ्याला येणं जमत नसेल तर संध्याकाळी 7 नंतर फोन करा, नंबर प्रवेशाच्या वेळी दिलेल्या कार्डावर आहे. अहिराणीत बोललात तरी चालेल, माझ्या माहेरची तीच बोली आहे.

कळावे,

आपली,
प्रा. वंदना पाटील
वर्गशिक्षिका, द्वितीय वर्ष बी.एस्सी.
रसायनशास्त्र विभाग, धुळे

सोबत: जुलै ते 10 ऑक्टोबरपर्यंतच्या हजेरीचा तक्ता. त्यात एखादी तारीख चुकीची वाटली तर जरूर कळवा, मी मस्टर पुन्हा तपासते.