‘कालिया मर्दन’च्या खेळाआधी

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत. सर, मॅडम, तुमच्यासाठी खुर्च्या डावीकडे ठेवल्यात.

आज आपण दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ बघणार आहोत. साल 1919. कंपनी आपल्या नाशिकचीच, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. ‘राजा हरिश्चंद्र’ का नाही, असं कालपासून चारजणांनी विचारलं. त्याचं उत्तर सरळ आहे : हरिश्चंद्राचे आज हाती आहेत ते तुकडे. फाळक्यांच्या मूकपटांपैकी बसून सलग बघता येईल असा हाच उरलाय, साधारण पाऊण तासाचा. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पटकन पेट घ्यायची, नुसती पडून राहिली तरी सडायची, आणि चांदी काढायला लोक ती वितळवायचेसुद्धा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या फिल्म शोधून जपल्या नसत्या, तर आज मी इथे नुसतीच गोष्ट सांगत बसलो असतो.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. लोणी चोरणारा कृष्ण, गोकुळातली गाऱ्हाणी, यमुनेतली उडी, कालिया. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता आज विसरा. माझी विनंती एवढीच, की सुरुवात चुकवू नका. उशिरा येणाऱ्यांना आत घ्यायचं नाही, असं मी दारावरच्या पोरांना त्यासाठीच सांगितलंय.

कृष्णाचं काम केलंय मंदाकिनीने, फाळक्यांच्या स्वतःच्या मुलीने. लहानगी पोर आहे. पण चित्रपट सुरू होतो तेव्हा ती कृष्ण नसतेच. मुकुट नाही, मोरपीस नाही. कॅमेऱ्यासमोर एक मुलगी बसते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणत जाते. ना प्रसंग, ना संवाद, नुसता चेहरा. फाळके जणू सांगतात : ही माझी मुलगी, बघा हिला काय काय येतं. आणि मग, तुमच्या डोळ्यांदेखत, त्याच चौकटीत तिचा कृष्ण होतो.

फाळके जादूचे प्रयोगही करायचे, ‘केळफा’ या नावाने. फाळके उलटं वाचा. पण साधा जादूगार हातचलाखी लपवतो. हा माणूस आधी दाखवतो की बघा, ही पोर आहे, हे नाटक आहे, आणि तरी पाऊण तासाने तुम्ही तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसाल अशी पैज लावतो. मला विचाराल तर हा भलताच आत्मविश्वास आहे. चमत्काराचे चित्रपट काढणारे नंतर पुष्कळ झाले, पण आपली चलाखी पहिल्याच मिनिटाला उघडी करणारे किती?

मधला भाग, खोटं कशाला बोलू, थोडा रेंगाळतो. खोड्या जरा जास्तच लांबल्यात. पण पाण्याखालच्या झुंजीपर्यंत तग धरा. नाग खोटा आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल, हसू येईल, हसा. मात्र हसता हसता एक बघा : फाळके झुंज सलग दाखवत नाहीत. पाण्याखाली कृष्ण, काठावर हवालदिल झालेलं गोकुळ, परत पाण्याखाली. काठावरच्यांना खाली काय चाललंय ते दिसत नाही, आपल्याला दिसतं. आज कुठल्याही थरारपटात हे सर्रास चालतं. 1919 मध्ये नाशिकच्या माणसाला ते नेमकं कुठे वापरायचं हे कळलेलं होतं.

आता आवाजाचं. मूकपट शांततेत बघायचा नसतो. तेव्हा पडद्याखाली पेटी-तबला असायचा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. आपल्याकडे पेटीवर सानिका आहे, तबल्यावर ओंकार. त्यांनी धून लिहून आणलेली नाही, पडदा बघून वाजवणार आहेत. तेव्हा चुकली जागा तर सांभाळून घ्या, आणि जमली तर दाद तिथल्या तिथे द्या. पाट्या मी वाचेन. कुणाला सोबत वाचायच्या असतील तर खुशाल वाचा.

एक तांत्रिक गोष्ट. जुने मूकपट आजच्या वेगाने चालवले की माणसं तुरुतुरु पळतात. ते हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला आजच्यापेक्षा कमी चौकटी घेऊन काढलेले असत. आपण वेग कमी करून ठेवलाय. तरीही कुठे धावपळ वाटली तर दोष आमचा, फाळक्यांचा नाही.

खेळानंतर कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर चहा आणि गप्पा. आवडला नाही म्हणणाऱ्यांनी तर आलंच पाहिजे, तुमच्याशीच भांडायचंय. मोबाइल बंद करा, सायलेंटवरही नको, उजेड पडतो.

निखिल, दार लाव. सानिका, सुरू कर.