प्रॉडक्शन मॅनेजर झाल्याबद्दल स्मिताला

स्मिता,

मनापासून अभिनंदन!

दुपारी सर्क्युलर लागलं तेव्हा तू अंबडला वेंडरकडे होतीस, आणि संध्याकाळी तुझ्याभोवती एवढी गर्दी की नीट बोलणंच झालं नाही. ग्रुपवर गुच्छांचा पाऊस पडलाय, त्यात माझाही एक आहे. पण तेवढ्यावर भागवणं बरं वाटेना. या जागेसाठी माझाही इंटरव्ह्यू झाला होता, हे तुला ठाऊकच आहे. नाव कळल्यावर थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू? पण 'हिलाच का?' असं मात्र मनात आलं नाही. त्याचं उत्तर शॉपमध्ये रोज दिसतं.

हब लाइनचंच घे. सेटिंग बदलायला दीड तास जायचा आणि सगळे म्हणायचे, मशीन जुनी आहे. तू स्टॉपवॉच घेऊन उभी राहिलीस तेव्हा कळलं की मशीनचा दोषच नव्हता. मशीन थांबल्यावर सॉफ्ट जॉ शोधायला सुरुवात, मग इन्सर्टसाठी स्टोअरची फेरी, आणि शेवटी पहिला पीस क्वालिटीच्या टेबलावर रांगेत पडून. तू जॉच्या सेटवर मशीनचा नंबर पंच केलास, त्यामुळे तोच सेट त्याच चकवर परत लावला की हलका कट पुरतो. ड्रॉइंग, गेज, इन्सर्ट सगळं आधीच ट्रॉलीवर. पहिला पीस येणार असल्याची चिठ्ठी क्वालिटीला अर्धा तास आधी. वेळ चाळीस मिनिटांवर आली.

पण मला खरं कौतुक त्यानंतरचं आहे. महिनाभरात रात्रपाळीची वेळ पुन्हा वाढायला लागली. दुसरं कुणी असतं तर ऑपरेटरला मेमो दिला असता. तू रात्री येऊन पाहिलंस, तर ट्रॉलीवरची ॲलन की शेजारच्या मशीनवाल्याने नेलेली. ओरडली नाहीस. प्रत्येक मशीनला स्वतंत्र की दिलीस आणि ट्रॉलीत तिच्या आकाराची खाच करून घेतलीस. की जागेवर नसली तर लांबूनच दिसतं. तेव्हापासून वेळ घसरलेली नाही.

आणि थंडीतला तो बोअरचा घोळ! डिसेंबरात सात वाजताच्या शिफ्टला माप हलायचं, ऑपरेटर दर पिसाला ऑफसेट द्यायचा, आणि नऊच्या सुमारास मशीन तापली की तेच ऑफसेट उलटायचे. त्यात काढल्या काढल्या गरम पीस मोजायचे. गरम असताना बोअर मोठा दिसतो, गार झाल्यावर तोच अंडरसाइज. पंधरा मिनिटांचा वॉर्मअप आणि पीस गार करूनच मोजायचा, एवढे दोनच नियम तू लावलेस. दोन्ही मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून मशीनवर चिकटवलेस, म्हणून नवी मुलंही पाळतात. हे श्रेय मीटिंगमध्ये तू स्वतः कधी घेतलं नाहीस, तेव्हा इथे मी देतो.

आता कामाचं. सोमवारपासून टूल रूम तुझ्याकडे रिपोर्ट करणार. इन्सर्टचा साठा, पेंडिंग ऑर्डर आणि रिग्राइंडला गेलेल्या ड्रिल्सची यादी शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझ्या टेबलावर असेल. फिक्स्चरच्या दुरुस्तीला मी हल्ली जास्त दिवस लावतो, ही तुझी तक्रार मला माहीत आहे. मॅनेजर झालीस म्हणून ती गिळू नकोस, आधी सांगायचीस तशीच तोंडावर सांग. मलाही एखादा निर्णय पटला नाही तर तुझ्या केबिनमध्ये येऊन बोलेन, चहाच्या टपरीवर नाही. सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणेन; जेवणाच्या डब्यावर मात्र स्मिताच.

एक सुचवू का? पहिले पंधरा दिवस तिन्ही शिफ्टच्या बदलीच्या वेळी दहा मिनिटं शॉपमध्ये उभी राहा. अभिनंदनाच्या भेटी, रिपोर्ट, मेल यांत तेच पहिलं सुटतं, आणि तुझं अर्धं बळ तिथलंच आहे.

पेढे तर तू वाटशीलच. पण रविवारी सकाळी मिसळ माझ्याकडून, गंगापूर रोडला, साडेआठला. उशीर केलास तर रांगेत उभं राहावं लागेल. घरच्यांनाही आण. तुझ्या सेकंड शिफ्टच्या दिवसांत मुलीचा अभ्यास आजीने घेतला, तेव्हा त्यांचंही अभिनंदन करायचंय.

प्रकाश
टूल रूम, सातपूर प्लांट