हात मातीत, मोबाइल घरात!

मे महिन्याची सुट्टी. पोर सोफ्यावर, डोळे स्क्रीनवर. तुम्ही "पुरे आता" म्हणता, ते "पाचच मिनिटं" म्हणतं. हा वाद रोज घालू नका. हातांना दुसरं काम मिळालं, की मोबाइलची आठवण आपोआप मागे पडते.

आमच्या उन्हाळी कला शिबिरात मुलं चिकणमाती मळतील, करवंट्या घासून रंगवतील आणि आपली कावी कला शिकतील. चुन्याच्या पांढऱ्या थरावर काव चढवायची आणि अणकुचीदार सळईने ती खरवडत खालचा पांढरा रंग उघडा करायचा. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंती अशाच सजल्या आहेत. यात घाई चालत नाही, आणि मुलांना हेच फार आवडतं! चित्र बिघडलं तरी कोणी ओरडणार नाही. स्पर्धा नाही, नंबर नाहीत.

वय ६ ते १२. ४ ते १६ मे, सकाळी ९ ते १२, वरचा बाजार, फोंडा. रविवारी सुट्टी. साहित्य आमचं. जुने कपडे घालून पाठवा, डाग पडणारच. शेवटच्या दिवशी आईबाबांनीही मातीत हात घालायला यायचं आहे.