नाचणी सत्त्वात शेंगदाणा मिसळला आहे : बॅच ४१, ४२ आणि ४४ कोणालाही देऊ नका

आमच्या महिला बचत गटाच्या ५०० ग्रॅम नाचणी सत्त्वाच्या तीन बॅचमध्ये दाण्याचे कूट मिसळले गेले आहे. पिशवीवर शेंगदाण्याचा उल्लेख नाही. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांच्या जिवाला यातून धोका होऊ शकतो. तान्ह्या बाळाला ॲलर्जी आहे की नाही हे बहुतेक आईवडिलांना अजून ठाऊकच नसते, म्हणून हे सत्त्व कोणत्याच बाळाला देऊ नका. खीर किंवा पेज चांगली शिजवली तरी हा धोका जात नाही.

कोणत्या पिशव्या

निळ्या पट्टीची पिशवी, मागच्या बाजूला खाली शिक्का :

बॅच ४१, उत्पादन १० मार्च २०२५
बॅच ४२, उत्पादन ११ मार्च २०२५
बॅच ४४, उत्पादन १३ मार्च २०२५

शिक्क्यातले आकडे इंग्रजी अंकांत आहेत. बॅच ४३ दुसऱ्या चक्कीवर दळली होती, ती ठीक आहे. पण शिक्का पुसट असेल आणि ४३ की ४४ हे नीट लागत नसेल, तर ती पिशवीही परत करा. सत्त्व घरच्या डब्यात ओतून पिशवी फेकली असेल, तर ते याच बॅचचे आहे असे समजा.

आत्ता काय करायचे

सत्त्व देणे थांबवा. उरलेले पिशवीसकट दुसऱ्या पिशवीत बांधून त्यावर ‘खाऊ नये’ असे लिहा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. डबा, चमचा, बाळाची वाटी गरम पाण्याने आणि साबणाने घासून घ्या. नंतर जिथून घेतले त्या दुकानात किंवा आठवडी बाजारातल्या आमच्या पालावर परत द्या. पिशवी फोडलेली असो, निम्मी संपलेली असो, पावती नसो, पूर्ण पैसे परत मिळतील. डब्यातले सत्त्व डब्यातून आणले तरी चालेल.

बाळाने आधीच खाल्ले असेल तर

ॲलर्जीचा त्रास बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतो. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, उलटी होणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा. श्वास घेताना घरघर होत असेल, आवाज बसला असेल, बाळ निळे-पांढरे पडले असेल किंवा एकदम मलूल झाले असेल, तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. तोवर बाळाला आडवे ठेवा. धाप लागली असेल तर मांडीवर टेकवून बसवा. उलटी काढायला घशात बोट घालू नका. घरातले खाजेचे औषध देऊन ‘बघू थोडा वेळ’ असे करू नका, श्वासाच्या त्रासावर ते पुरत नाही. दवाखान्यात जाताना पिशवी सोबत न्या.

आधी खाऊन काहीच त्रास झाला नसेल, तरी उरलेले देऊ नका. पहिल्या खेपेला काही झाले नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असे नसते.

बाहेरगावी दिले असेल तर

सांगली, मिरज, जयसिंगपूर आणि कोल्हापूर इथे हे सत्त्व विकले गेले. पण लेकीच्या बाळासाठी म्हणून पुण्या-मुंबईला, परदेशातही पिशव्या गेल्या आहेत, हे ग्राहकांनीच आम्हाला सांगितले आहे. त्यांना आजच फोन करा. त्यांनी सत्त्व परत पाठवायची गरज नाही. शिक्क्याचा फोटो तुम्हाला पाठवून सत्त्व टाकून द्यावे. तो फोटो दाखवलात की पैसे तुम्हाला मिळतील.

हे कसे झाले

एका ग्राहक आईने बाळाला गांधी उठल्याचे कळवले. बाळ आता बरे आहे. आम्ही ठेवणीतले नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि तीन बॅचमध्ये शेंगदाणा सापडला. मोड आणून वाळवलेली नाचणी ज्या चक्कीवर दळली, त्याच चक्कीवर आदल्या दिवशी चटणीसाठी कूट केले होते आणि पाट्यांच्या खाचांत ते राहिले होते. आता सत्त्वासाठी वेगळी चक्की आहे, तिच्यावर दाणे जात नाहीत. अन्न व औषध प्रशासनाला कळवले आहे.

पैसे द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर पिशवीवरच्या आमच्या नंबरवर सांगा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करता येते.

दुकानदारांसाठी

१२ एप्रिलची सूचना काढून तिच्या जागी ही लावा. त्या कागदावर आधी गटाची माहिती आणि दिलगिरी होती, शेंगदाण्याचा उल्लेख अगदी शेवटी होता, आणि गिऱ्हाईक तिथवर वाचत नव्हते. तिन्ही बॅच फळीवरून उतरवून वेगळ्या खोक्यात ठेवा, आमची माणसे येऊन नेतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगा, विशेषतः नातवंडांसाठी सत्त्व नेणाऱ्या आजींना.

अध्यक्ष व सर्व सभासद, महिला बचत गट
१६ एप्रिल २०२५