शाळेजवळील धोकादायक चौकात सिग्नल बसवण्याबाबत

दि. 23 जून 2025

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
शहर वाहतूक शाखा

महोदय,

आमच्या माध्यमिक शाळेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, पाण्याच्या टाकीपाशी, वळणरस्ता आणि बाजाररस्ता एकमेकांना छेदतात. तेथे सिग्नल, झेब्रा पट्टे, गतिरोधक वा ‘पुढे शाळा आहे’ असा फलक यांपैकी काहीही नाही. वळणरस्त्यावरून उतारावर वेगाने येणाऱ्या वाळूच्या डंपरना टाकीच्या भिंतीमुळे सायकलवरील मुले अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, आणि पावसात तर ब्रेक लावूनही वाहन चौकातच थांबते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 116 मध्ये वाहतूक चिन्हे उभारण्याची तरतूद आहे. त्यानुसार महापालिकेच्या अभियंत्यांसह पाहणी करून येथे पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र वेळ असलेला सिग्नल बसवावा, ही विनंती. पाहणी दुपारी नव्हे, तर सकाळी शाळा भरताना व्हावी. दुपारी हा चौक फसवा शांत असतो. सिग्नलच्या मंजुरीस वेळ लागणार असल्यास तोपर्यंत शाळा भरताना व सुटताना एक वाहतूक अंमलदार नेमावा आणि पट्टे तातडीने आखून घ्यावेत.

आपला विश्वासू,
सचिव, पालक-शिक्षक संघ

प्रत : मा. शहर अभियंता, महानगरपालिका