विषय : दोन खोक्यांवर लावलेल्या व्हॉल्युमेट्रिक वजनाच्या आकारणीस हरकत व क्रेडिट नोटची मागणी

सावंतवाडी
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक (बिलिंग),
सावंतवाडी शाखा

महोदय,

मी लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळं तयार करून राज्यभरातल्या दुकानांना पाठवते. आपल्या शाखेत माझं मासिक बिलाचं खातं आहे. जून महिन्याच्या, ५ जुलैच्या बिलातील दोन डॉकेटच्या आकारणीस माझी हरकत आहे.

२४ जून रोजी नाशिकच्या एका दुकानासाठी मी सरफेसने पाच खोकी बुक केली. पाचही एकाच मापाची : ४० × ३० × २५ सेंमी, पाच प्लायची. प्रत्येकाचं वजन आपल्याच काउंटरवरच्या काट्यावर ६.४ किलो भरलं आणि तसं डॉकेटवर लिहिलेलं आहे. करारातील भाजक ५००० आहे. ४० × ३० × २५ म्हणजे ३०,००० घन सेंमी, त्याला ५००० ने भागलं की ६ किलो. प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त असल्याने ६.५ किलोची आकारणी व्हायला हवी. तीन खोक्यांना ती तशीच झाली आहे.

मात्र शेवटचे अंक ६१३ आणि ६१४ असलेल्या डॉकेटना १२ किलो लावले आहेत. बिलात त्यांची मापं ६० × ४० × २५ सेंमी अशी दिली आहेत. ४० आणि २५ ही दोन मापं माझ्या खोक्याशी तंतोतंत जुळतात. फक्त ३० चे ६० झाले आहेत. दोन खोकी रुंदीच्या बाजूने चिकटून पट्ट्यावरून गेली, तर मशीनला नेमकं हेच माप दिसेल. आपल्याच ट्रॅकिंगमध्ये पुणे हबवर या दोन्ही डॉकेटचं स्कॅन २५ जूनला रात्री ११.४२ या एकाच मिनिटाला झालेलं दिसतं. बाकीची तीन खोकी त्यानंतर वेगवेगळ्या वेळी स्कॅन झाली आहेत. मला तरी यातून एकच अर्थ निघतो : दोन खोक्यांचं एकत्र माप घेतलं गेलं आणि ते दोघांच्याही नावावर लागलं. तपासायचं असेल तर हबवर त्या क्षणी नोंदलेलं वजन काढून बघा. ते १२.८ किलोच्या आसपास असेल, तर वेगळ्या पुराव्याची गरजच उरणार नाही.

वाटेत खोकी फुगतात, असं आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं. म्हणून नाशिकच्या दुकानदारांना मी दोन्ही खोकी टेप लावून मोजायला सांगितली. त्यांनी ती अजून टाकलेली नव्हती, हे माझं नशीब. टेपवरचे आकडे वाचता येतील असे फोटो सोबत जोडले आहेत. फुगलेल्या बाजूने घेतलेलं सर्वांत मोठं माप ४०.५ × ३०.५ × २५.५ सेंमी आहे. त्याचंही वजन ६.३ किलोच निघतं, म्हणजे प्रत्यक्ष वजनापेक्षा कमीच. तीस सेंटिमीटरचं खोकं फुगून साठ सेंटिमीटरचं होत नाही.

जास्तीची रक्कम अशी : ४२ रुपये किलोप्रमाणे ६.५ किलोचे २७३ आणि १२ किलोचे ५०४, म्हणजे खोक्यामागे २३१ रुपये. दोन खोक्यांचे ४६२, त्यावर १८ टक्के इंधन अधिभार ८३.१६ आणि एकूण ५४५.१६ वर १८ टक्के जीएसटी ९८.१३. एकंदर ६४३.२९ रुपये.

“सिस्टीमने घेतलंय, आता काही होणार नाही,” हे उत्तर मला मान्य नाही. कारागिराच्या हातची मजुरी मी या पैशातून देते, आणि एका फळावर मला सुटणारा नफा फार थोडा आहे. चूक मशीनची असेल तर तिचे पैसे मी का भरावेत? मापावर पैसे आकारणाऱ्या मशीनची वैधमापन कायदा, २००९ नुसार पडताळणी होऊन तिच्यावर मुद्रा असावी लागते. त्या मशीनच्या चालू पडताळणी प्रमाणपत्राची प्रत मला द्यावी. तसंच दोन्ही डॉकेटचे हबवरचे फोटो आणि तिथलं नोंदलेलं वजनही द्यावं.

४,८७० रुपयांच्या बिलापैकी वाद नसलेले ४,२२६.७१ रुपये मी आजच आपल्या खात्यात भरले आहेत. उरलेल्या ६४३.२९ रुपयांची जीएसटीसह क्रेडिट नोट २८ जुलैपर्यंत द्यावी. नुसती पुढच्या बिलात वजावट नको, कारण माझ्या हिशोबात कराची नोंद जुळायला हवी. तोवर या रकमेवर विलंब शुल्क लावू नये आणि माझं बुकिंग थांबवू नये. गणपतीच्या ऑर्डरी पुढच्या आठवड्यापासून निघणार आहेत. मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार नोंदवीन.

काउंटरवरची मंडळी माझा माल नेहमी जपून घेतात. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही, हबवरच्या मापाविषयी आहे.

आपली विश्वासू,
सुजाता परब
लाकडी खेळणी उत्पादक, सावंतवाडी

सोबत : पाचही डॉकेटच्या प्रती, जूनचं बिल, ट्रॅकिंगची छापील प्रत, खोक्यांच्या मापांचे फोटो, खोकी खरेदीचं बिल, भरणा पावती.